सुपारीएवढी चिंच म्हणजे किती?

माझी भाची लग्नानंतर इंग्लंडला गेली. तिकडे पहिल्यांदा आमटी केली आणि रात्री फोन आला. "मावशी, आमटीला काही चवच नाही गं. तू सांगितलंस तशी सुपारीएवढी चिंच घातली होती." मी म्हटलं, "पुढच्या वेळी थोडी जास्त घाल." पुढच्या वेळी तिने लिंबाएवढी घातली आणि आमटी तोंडात घालवेना इतकी आंबट झाली. गूळ घातला, आणखी गूळ घातला, शेवटी ते आमटीऐवजी पन्ह्यासारखं काहीतरी लागायला लागलं. तिसऱ्या खेपेला मी तिला म्हटलं, "अगं, आता अंदाज नको. तुझ्याकडे केक करायचा छोटा वजनकाटा आहे ना, त्यावर दोन्ही गोळ्या ठेव आणि मला आकडे सांग." पहिली गोळी 7 ग्रॅमची निघाली, दुसरी 31 ग्रॅमची. तिच्या मते एक 'लहान' आणि एक 'थोडी मोठी' होती. प्रत्यक्षात दुसरीत चौपटीहून जास्त चिंच होती.

यात तिची चूक काही नव्हती. आपण सगळ्याच जणी चिंचेची गोळी डोळ्यांनी मोजतो, आणि डोळ्याला दिसते ती गोळीची रुंदी. वजन मात्र रुंदीच्या घनाने वाढतं. अडीच सेंटिमीटरची गोळी तीन सेंटिमीटरची केली तर डोळ्याला फरक जेमतेम जाणवतो, पण चिंच जवळजवळ पावणेदोनपट होते. गोळीची रुंदी दुप्पट केली तर चिंच आठपट. त्यात एकीने गोळी घट्ट दाबलेली असते, दुसरीने सैल. एका गोळ्यात चिंचोक्याचे तुकडे आणि शिरा असतात, दुसऱ्यात नुसता गर. आजीला हा हिशोब कधी करावा लागला नाही, कारण तिची चिंच वर्षभर एकाच बरणीतली असे, एकाच झाडाची, एकाच हाताने फोडलेली. तिची 'सुपारी' तिच्या बोटांना ठाऊक होती. आपण दर दोन महिन्यांनी वेगळ्या दुकानातून वेगळा गोळा आणतो आणि जुनंच माप लावतो.

म्हणून मी भाचीला जे शिकवलं ते असं. गोळीचं माप सोड आणि कोळाचं माप धर. एकदा ठरावीक वजनाच्या चिंचेचा ठरावीक कोळ करायचा, आणि पुढे आमटीत चमच्याने मोजून घालायचा. हे सविस्तर सांगते, कारण कोळ काढण्यात जिथे चुका होतात त्या पुढे थेट चवीत उतरतात.

आधी गोळा पाहून घ्यावा. माझं माहेर बार्शीचं. मार्च महिन्यात तिथे घराघरांत चिंचा फोडायचं काम चाले. झाडावरून उतरवलेल्या चिंचा उन्हात चांगल्या वाळल्या की टरफल खडखडीत होतं. ते काढायचं, मग गराला धरून असलेल्या जाड शिरा ओढायच्या, मग चिंचोके काढायचे. हे सगळं हाताने होतं आणि त्यात प्रत्येक पायरीला थोडं काही मागे राहतंच. विकत मिळणाऱ्या गोळ्यावर 'बिया काढलेली' असं लिहिलेलं असलं तरी त्यात चिंचोक्याचे तुकडे, टरफलाच्या कपच्या आणि बारीक वाळू असू शकते असं धरूनच चालावं. नव्या चिंचेचा रंग तांबूस तपकिरी असतो आणि आंबटपणा तिखटासारखा जिभेला झोंबतो. वर्षभर राहिलेली चिंच काळपट होते, तिची चव मऊ आणि थोडी खोल लागते. घरी चिंचेला मीठ लावून ठेवतात ते टिकावं म्हणून, आणि त्याने हे काळं पडणंही लांबतं. तुमचा गोळा मीठ लावलेला असेल तर जिभेला लगेच कळतं, आणि मग भाजीत मीठ घालताना हात आखडता घ्यावा लागतो. गोळ्याला दारूसारखा वास येत असेल किंवा वर बुरशीचे ठिपके असतील तर तो घेऊ नये. अंगठ्याने दाबल्यावर थोडा दबला पाहिजे. दगडासारखा झालेला गोळा वाईट असतो असं नाही, पण तो भिजायला दुप्पट वेळ घेतो.

आता 50 ग्रॅम चिंच काट्यावर घ्यायची. सुरीने वड्या पाडू नका, कारण सुरी चिंचोक्यावर आदळते, त्याचे तुकडे होतात आणि ते पुढे शोधत बसावं लागतं. हाताने गोळा उकलायचा, एकेक पदर सुटा करायचा. उकलतानाच टरफलाच्या तपकिरी, नखासारख्या कपच्या दिसतात, त्या काढून टाकायच्या. चिंच चाळणीत घेऊन नळाखाली एकदा झटकन धुवायची, दोन सेकंदांपेक्षा जास्त नको. वरची धूळ जाते. जास्त वेळ धुतली तर आंबटपणाच वाहून जातो, कारण तो पाण्यात सहज विरघळणारा आहे. काही जणी चिंच भिजवून पहिलं पाणी फेकतात. त्या पहिल्या पाण्यात सगळ्यात जास्त आंबटपणा असतो.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्यावं. ज्या चिंचेने आपण पितळेचं निरांजन लखलखीत करतो तिला पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये तासभर ठेवणं बरं नाही. आम्ल धातूला खातं आणि धातूची चव कोळात उतरते. कल्हई असलेल्या पातेल्यात पूर्वी आमटी होत असे, ती कल्हई यासाठीच होती.

चिंचेवर 150 मिलिलिटर गरम पाणी ओतायचं. उकळून खाली उतरवलेलं पाणी चालतं. थंड पाण्यातही चिंच भिजते, पण तासदीड तास लागतो आणि गर शिरांना चिकटून राहतो. गरात साखर आणि पेक्टिन असतं, जॅम घट्ट करतं तेच. या दोन्हींमुळे वाळलेला गर एकमेकांना धरून बसलेला असतो. उष्णतेने ही पकड सैल होते. गरम पाण्यात 15 ते 20 मिनिटं पुरतात. चिंच पाण्यात पसरून फुगलेली दिसली आणि बोटाने दाबल्यावर शीर उघडी पडली की ती तयार आहे असं समजावं. चिंच पाण्यात घालून बराच वेळ उकळत ठेवायची सवय काहींना असते. गोळ्यात चिंचोके असतील तर ते टाळावं. चिंचोक्याच्या तपकिरी सालीत टॅनिन भरपूर असतं, उकळल्यावर ते पाण्यात उतरतं आणि जीभ ओढल्यासारखी होते. आमटी आंबट नाही पण तुरट लागतेय, असं वाटलं की कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मग हात घालायचा. हे काम बोटांचंच आहे. पाच बोटांनी चिंच चिमटीत धरून दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. घासायची नाही. दाबताना गर बोटांच्या फटीतून मऊ येतो आणि चिंचोका असेल तर निसटतो, तो लगेच वेगळा काढायचा. दोन-तीन मिनिटांत पाणी दाट, चॉकलेटी होतं आणि हातात धाग्यांचा पुंजका उरतो. हे सगळं मिक्सरमध्ये फिरवायचा मोह होतो. भाचीने एकदा तसं केलंच. त्यात शिरा बारीक कापल्या गेल्या आणि गाळणीतून खाली उतरल्या, एक-दोन चिंचोकेही फुटले, आणि आमटी खाताना दाताखाली काहीतरी येत राहिलं. तेवढ्यासाठी मी मिक्सरच्या विरोधात आहे.

गाळायला चहाची बारीक गाळणी घेऊ नका, ती लगेच तुंबते. पुरण गाळायची चाळण किंवा जरा मोठ्या भोकांची स्टीलची गाळणी घ्यावी. कोळ त्यात ओतून चमच्याच्या पाठीने दाबत फिरवायचा. आणि आता ती गोष्ट, जी मला सासूबाईंनी दाखवली आणि जी कुठल्याही पाककृतीत मी वाचली नाही. गाळून झालं असं वाटलं की गाळणी उलटी धरून तिचा खालचा भाग पाहायचा. तिथे दाट, लोण्यासारखा गर चिकटून लोंबत असतो. थेंब पडायचे थांबलेले असतात म्हणून आपल्याला वाटतं की संपलं. तो गर चमच्याने खरवडून घ्यायचा. 50 ग्रॅम चिंचेत तो मोठ्या चमच्याएवढा सहज निघतो, आणि सगळ्यात दाट कोळ तोच असतो. हा भाग सिंकमध्ये धुतला जाऊ लागला की एकाच मापाच्या चिंचेतून दोन घरांत वेगळा आंबटपणा निघतो.

गाळणीत उरलेला चोथा परत भांड्यात घ्यायचा, त्यावर 70 मिलिलिटर कोमट पाणी घालून पुन्हा कुस्करायचा आणि गाळायचा. हे दुसरं पाणी पातळ असतं, पण त्यातही आंबटपणा बराच असतो. तिसरं पाणी काढू नये. त्यात आंबटपणा नावाला येतो आणि शिरांचा लाकडासारखा वास मात्र उतरतो.

दोन्ही पाणी एकत्र करून मापाच्या भांड्यात ओतायची आणि जे कमी पडेल तेवढं साधं पाणी घालून बरोबर 200 मिलिलिटरच्या रेषेपर्यंत आणायची. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. कोण किती दाबून गाळतं, चोथ्यात किती पाणी राहतं, यातला फरक या रेषेवर बराचसा मिटतो. आता 50 ग्रॅम चिंच 200 मिलिलिटर कोळात आहे. म्हणजे 15 मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात पावणेचार ग्रॅम, आणि चार चमच्यांत 15 ग्रॅम. हा हिशोब फ्रिजवर चिकटवून ठेवला की झालं.

कोळ दहा मिनिटं न हलवता ठेवावा. मग वरचा अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचा आणि तळाचा शेवटचा चमचा सोडून द्यायचा. बोटावर घेऊन चोळून पाहिला तर त्यात वाळूचे कण लागतात. आमच्याकडे कोळ नेहमी आधी काढून झाकून ठेवलेला असायचा. मला वाटायचं ती सवड काढायची रीत आहे. खरं तर वाळू तळाशी बसायला तो वेळ दिलेला असे.

आता किती घालायचा ते. आपण नेहमीची चिंच-गुळाची आमटी घेऊ. चार माणसांसाठी 150 ग्रॅम तूरडाळ, शिजवून, घोटून, पाणी घालून तयार आमटी एक लिटर. या आमटीला सर्वसाधारण चिंचेचे 12 ते 15 ग्रॅम लागतात, म्हणजे आपल्या कोळाचे तीन ते चार मोठे चमचे. गूळही वजनाने तेवढाच किंवा थोडा जास्त, 15 ते 20 ग्रॅम. भाचीची पहिली 7 ग्रॅमची गोळी या मापाच्या निम्मी होती आणि दुसरी 31 ग्रॅमची दुपटीहून जास्त. दोन्ही वेळा आमटी का बिघडली ते आकड्यांत स्पष्ट दिसतं.

पण कोळ घालायच्या आधी डाळ पूर्ण शिजलेली हवी. याबाबत मी कधीही सवलत देत नाही. डाळीच्या आणि भाज्यांच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन आम्लात नीट विरघळत नाही. कच्च्या डाळीत चिंच पडली की डाळ तासभर उकळली तरी कणीदार राहते. बटाटा, दुधी, शेवग्याची शेंग यांचंही तेच. आमटीत भाजी घालायची असेल तर ती आधी मऊ करून घ्यावी. सांबार करणारे दक्षिणेतले लोक याच गुणाचा उलटा उपयोग करतात. ते भाज्या चिंचेच्या पाण्यातच शिजवतात, त्यामुळे फोडी सांबारात विरघळत नाहीत आणि भेंडीचा चिकटपणाही राहत नाही. डाळ मात्र त्यांचीही वेगळी शिजलेली असते आणि नंतर येते.

फोडणी, डाळ, पाणी, हळद, मीठ असं सगळं पडून आमटीला एक उकळी आली की तीन चमचे कोळ घालायचा. चौथा हातात राखून ठेवायचा. मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळू द्यायचं. ताज्या कोळाला एक हिरवट, कच्चा वास असतो, तो उकळण्याने जातो. हा वास गेला की नाही हे पातेल्यावर वाकून वाफ हुंगून कळतं. आधी वाफेत चिंच वेगळी ओळखू येते, मग ती डाळीच्या आणि फोडणीच्या वासात मिसळून जाते. मगच गूळ आणि गोडा मसाला. मी गूळ नंतर घालते, कारण गोडामुळे आंबटपणा जिभेला कमी भासतो. गूळ आधी पडला तर कोळ कमी वाटतो आणि हात पुन्हा बरणीकडे जातो.

इथे एक लक्षात ठेवायला हवं. चिंचेतलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. ते व्हिनेगरसारखं वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणजे आमटी जितकी उकळेल तितकं पाणी कमी होईल आणि आंबटपणा मात्र तेवढाच राहील. एक लिटर आमटी आटून पाऊण लिटर झाली तर ती तिसऱ्या हिश्शाने जास्त आंबट होईल. उकळली की आंबटपणा जातो असं पुष्कळ जणी म्हणतात. जातो तो कच्चा वास. पिकलेल्या चिंचेतही हे आम्ल टिकून राहतं, हे तिचं वेगळेपण आहे. बहुतेक फळं पिकली की त्यांचं आम्ल घटतं. चिंचेत आम्ल राहतं आणि साखर वाढते, म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी गोड आणि आंबट लागते.

चव कशी पाहायची, यावर मी भाचीशी दोनदा वाद घातला आहे. ती पातेल्यातली उकळती आमटी चमच्याने थेट जिभेवर घ्यायची. इतक्या गरम घासात जिभेला फक्त चटका कळतो, आंबट-गोड नीट कळत नाही. आमटी वाटीत दोन चमचे काढायची, फुंकर मारून कोमट करायची. आणि नुसती नको, तिच्यात थोडा भात कालवायचा. भात आंबटपणा खूप ओढून घेतो. नुसती प्यायला अगदी बेताची वाटणारी आमटी भाताबरोबर फिकी होते. भाताशी खायची आमटी नुसती चाखल्यावर थोडी जास्त आंबट वाटलीच पाहिजे. सार वाटीत पिण्यासाठी असतं, ते नुसतंच चाखून ठरवावं आणि कोळ कमी घालावा.

चाखताना आधी मिठाचा विचार करावा. मीठ कमी असेल तर आंबटपणा टोकदार आणि एकटा पडलेला वाटतो, आणि आपण तो गुळाने झाकायला जातो. चिमूटभर मीठ घालून, ढवळून, पुन्हा चाखलं की बहुधा तोच आंबटपणा आमटीत मिसळलेला लागतो. मीठ बरोबर आहे आणि तरी आमटी सपाट वाटते, तेव्हा राखून ठेवलेला चौथा चमचा घालायचा. तोही अर्धा-अर्धा करून, मध्ये दोन मिनिटं उकळी देऊन. जास्तीचा कोळ काढून घेता येत नाही, म्हणून ही घाई करू नये.

आमटी आंबट झालीच तर गूळ ओतत राहू नका. गुळाने आम्ल कमी होत नाही, फक्त दबतं, आणि मग गोड आणि आंबट दोन्ही चढत जातात. भाचीच्या आमटीचं तेच झालं. खरा उपाय म्हणजे आमटी वाढवणं. शिजवलेल्या डाळीची आणखी एक वाटी घाला, थोडं पाणी, थोडं मीठ. आंबटपणा विभागला जातो. ओलं खोबरं वाटून घातलं तरी त्याच्या स्निग्धतेने आंबटपणाची धार बोथट होते, निदान ज्या आमटीत खोबरं शोभतं तिथे. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकतात, त्याने आम्ल खरंच मारलं जातं, पण चवही मेल्यासारखी होते आणि डाळ साबणासारखी लागू शकते. मी तो घालत नाही.

सगळ्या पदार्थांना एकच माप चालणार नाही हे उघड आहे. तरी अळूच्या फदफद्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण तिथे चिंच निव्वळ चवीसाठी नसते. अळूच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. आपल्याकडे अळू चांगला शिजवून त्याला चिंचेचा कोळ सढळ हाताने घालतात, ती रीत या खवखवीवरच्या उपायातून आलेली आहे. म्हणून फदफद्याला त्याच एका लिटरमागे मी पाच ते सहा चमचे कोळ घालते आणि त्या मानाने गूळही वाढवते. पण नीट न शिजलेला अळू नुसत्या चिंचेने सुधारत नाही. आधी शिजवणं, मग कोळ.

आता परदेशातला प्रश्न. भाचीला तिकडे थायलंडचा गोळा मिळतो, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली चौकोनी वडी. ती आपल्या गोळ्यापेक्षा ओलसर आणि मऊ असते. म्हणजे 50 ग्रॅममध्ये पाण्याचा वाटा जास्त, चिंचेचा कमी. उलट बाटलीतला काळा, डांबरासारखा घट्ट कोळ आटवलेला असतो. तो घरच्या कोळाच्या कितीतरी पट तीव्र असतो, आमटीला काळा रंग देतो आणि थोडी जळकट चव आणतो. तो वापरायचा तर पाव चमच्यापासून सुरुवात करावी आणि पातळ करून घ्यावा. कुठलाही नवा गोळा घरी आला की त्याची ओळख करून घ्यायची एक सोपी रीत मी तिला दिली आहे. आधीच्या गोळ्याचा थोडा कोळ संपायच्या आधी राखून ठेवायचा. नव्या गोळ्याचा त्याच मापाने, 50 ग्रॅमला 200 मिलिलिटर, कोळ काढायचा. दोन पेल्यांत अर्धा-अर्धा कप पाणी घ्यायचं, प्रत्येकात एकेक लहान चमचा कोळ आणि सारखीच चिमूट मीठ. आधी जुना चाखायचा, तोंड धुवायचं, मग नवा. नवा जास्त आंबट असेल तर जुन्याच्या पेल्यात थेंब-थेंब जुना कोळ वाढवत न्यायचा, दोन्ही सारखे लागेपर्यंत. तिने केलं तेव्हा तिच्या जुन्या थाई वडीचा दीड चमचा आणि मी इथून पाठवलेल्या बार्शीच्या चिंचेचा एक चमचा बरोबरीला आले. मग बार्शीच्या चिंचेसाठी तिने फ्रिजवरच्या कागदावर चारऐवजी अडीच चमचे लिहिले. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचे दोन महिने निश्चिंती.

उरलेला कोळ काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने हाताळला तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये 15-15 मिलिलिटर मोजून ओतायचा, गोठला की वड्या डब्यात काढून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. एक वडी म्हणजे एक मोठा चमचा. मूळ गोळ्याला मात्र ओला हात लावू नका. ओल लागली की दोन आठवड्यांत त्याच जागी पांढरी बुरशी धरते.

परवा भाचीचा पुन्हा फोन होता. रात्रीची आमटी सकाळी घट्ट झाली होती आणि तिला ती कमी आंबट वाटत होती. कोळ घालू का, असं विचारत होती. डाळ रात्रभरात फुगते, पाणी शोषते, आणि थंड, घट्ट आमटीत आंबटपणा जिभेपर्यंत नीट पोचत नाही. मी तिला म्हटलं, "आधी अर्धी वाटी गरम पाणी घाल, उकळी येऊ दे, भातात कालवून चाख आणि मगच बरणी उघड." थोड्या वेळाने तिचा निरोप आला की बरणी उघडावी लागली नाही, पण मीठ मात्र चिमूटभर लागलं.